डॉलर वधारला की सोन्याचा रुपयातला भाव कुठे जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातमीत सांगतात "डॉलर मजबूत, सोने घसरले". सराफाकडे मात्र भाव चढलेलाच दिसतो. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. बातमीतला भाव डॉलरमधला असतो आणि दुकानातल्या फलकावरचा रुपयातला. या दोन भावांच्या मध्ये डॉलरचा रुपयातला दर उभा असतो. डॉलर वधारला की सोन्याचा डॉलरमधला भाव बऱ्याचदा उतरतो, पण त्याच वेळी एकेक डॉलर घ्यायला जास्त रुपये मोजावे लागतात. पहिली गोष्ट आपल्या भावाला खाली ओढते, दुसरी वर ढकलते. कधी पहिलीचा जोर जास्त असतो, कधी दुसरीचा. हा जोर अंदाजाने सांगायची गरज नाही, तो मोजता येतो. खालची बहुतेक उत्तरे त्या मोजणीबद्दलच आहेत.

सोन्याचा भाव डॉलरमध्येच का सांगतात? तो ठरतो कुठे?

घाऊक सोन्याचे सर्वात मोठे व्यवहार लंडनमध्ये होतात आणि वायद्यांचा सर्वात मोठा बाजार न्यूयॉर्कचा. दोन्हीकडे भाव डॉलरमध्ये बोलला जातो. लंडनमध्ये कामकाजाच्या दिवशी सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन वाजता लिलावाने प्रमाण भाव ठरतो. तिथला उन्हाळा असेल तर आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे तीन आणि संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. हिवाळ्यात एक तास उशिरा. या दोन वेळांखेरीज दिवसभर भाव हलत असतोच. मोबाइलवर `XAUUSD` या नावाने दिसतो तो हाच हलता भाव.

हा भाव एका ट्रॉय औंसाचा असतो. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो आणि त्याचा इथे काही संबंध नाही. नवख्या माणसाचे गणित चुकते ते बहुधा इथेच.

डॉलर वधारला की सोन्याचा डॉलरमधला भाव उतरतो, असे का?

दोन कारणे आहेत आणि ती सहसा एकत्रच येतात.

पहिले कारण गिऱ्हाइकाचे. मुंबईचा, शांघायचा किंवा इस्तंबूलचा खरेदीदार सोने घेतो ते आपल्या चलनात. डॉलर महागला की डॉलरमधला भाव जागचा न हलताही त्याला सोने महाग पडते. तो हात आखडता घेतो, मागणी मंदावते आणि भाव थोडा खाली येतो. म्हणजे डॉलरच्या वाढीतला काही भाग सोने स्वतःच्या भावात पचवते.

दुसरे कारण व्याजाचे आणि बहुतेक वेळा तेच जड असते. सोन्यावर व्याज मिळत नाही. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, व्याजदर वाढवते तेव्हा जगातला पैसा डॉलरच्या रोख्यांकडे वळतो. त्यामुळे डॉलर चढतो आणि बिनव्याजी सोने धरून ठेवणे महाग वाटू लागते. म्हणून पुष्कळदा डॉलर सोन्याला पाडत नाही. व्याजदर दोघांनाही एकाच वेळी हलवतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे एका प्रश्नात तो कामाला येईल.

मग रुपयातला भाव काढायचा कसा?

लागतात दोनच आकडे: सोन्याचा डॉलरमधला भाव आणि एका डॉलरचे रुपये. दोन्ही शक्यतो एकाच वेळचे घ्या. त्यांचा गुणाकार म्हणजे एका ट्रॉय औंसाचे रुपये. त्याला ३१.१०३५ ने भागले की एका ग्रॅमचा भाव निघतो, दहाने गुणले की दहा ग्रॅमचा. हा झाला चोख, म्हणजे २४ कॅरेट सोन्याचा, आयात शुल्क न धरलेला भाव. यावर आयात शुल्क चढवले की सराफा बाजाराच्या घाऊक भावाजवळ पोहोचता. त्यावर ३ टक्के जीएसटी लावला की बिस्कीट किंवा नाण्याच्या किमतीजवळ. दागिना असेल तर घडणावळ वेगळी.

स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये डॉलरमधला भाव, B2 मध्ये डॉलरचा दर आणि B3 मध्ये शुल्काची टक्केवारी (६ टक्के असेल तर नुसते 6) लिहा आणि हे सूत्र द्या:

```
=B1*B2/31.1035*10*(1+B3/100)
```

शुल्काचा आकडा पाठ करून ठेवू नका, ते बदलत असते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले होते. हिशेब ज्या दिवसाचा, त्या दिवशी लागू असलेला आकडा घ्या.

एखादे खरे उदाहरण करून दाखवाल का?

२०२२ हे वर्ष यासाठी सर्वात सोयीचे. त्या वर्षात फेडरल रिझर्व्हने व्याजदर जवळजवळ शून्यावरून ४.२५ ते ४.५० टक्क्यांपर्यंत नेला आणि डॉलरला मोठी तेजी आली. पण वर्षाचे पहिले आणि शेवटचे टोक पाहिले तर सोने डॉलरमध्ये जागेवरच होते. २०२१ च्या अखेरीस औंसाचा भाव सुमारे १,८०६ डॉलर होता, २०२२ च्या अखेरीस सुमारे १,८१२. अमेरिकेत बसलेला माणूस म्हणेल, वर्षभरात काहीच झाले नाही.

आता हेच रुपयात पाहा. पहिल्या टोकाला डॉलर सुमारे ७४.३० रुपयांना होता. १,८०६ गुणिले ७४.३० म्हणजे औंसाला १,३४,१८६ रुपये, म्हणजेच दहा ग्रॅमला सुमारे ४३,१४२ रुपये. दुसऱ्या टोकाला डॉलर सुमारे ८२.७० रुपयांवर गेला होता. १,८१२ गुणिले ८२.७० म्हणजे औंसाला १,४९,८५२ रुपये आणि दहा ग्रॅमला सुमारे ४८,१७९. सोने सहा डॉलरने हलले आणि आपला भाव पाच हजारांनी, म्हणजे ११.७ टक्क्यांनी चढला. यात सोन्याच्या स्वतःच्या वाढीचा वाटा एक तृतीयांश टक्का. बाकी सगळे रुपयाच्या घसरणीचे.

दुकानातला भाव याहून जास्त चढला, कारण १ जुलै २०२२ पासून सोन्यावरचे एकूण आयात शुल्क १०.७५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेले. शुल्क धरून पहिला भाव ४७,७८० होतो आणि दुसरा ५५,४०६. ही वाढ १६ टक्के. त्या काळातले घाऊक भाव आठवून पाहा, ते याच्या आसपासच होते.

पण त्याच वर्षी मधल्या काळात सोने चांगलेच पडले होते ना?

हो, आणि डॉलरचे दोन्ही परिणाम एकाच वेळी कसे ओढतात हे तिथे जास्त स्पष्ट दिसते. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर, सोने लंडनमध्ये सुमारे २,०४० डॉलरपर्यंत गेले. तेव्हा डॉलर ७७ रुपयांच्या आसपास होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोने सुमारे १,६३० डॉलरवर आले आणि डॉलर ८२.९० रुपयांवर होता. डॉलरमधली घसरण २० टक्के. रुपयात, शुल्क बाजूला ठेवून, भाव दहा ग्रॅमला ५०,५०२ वरून ४३,४४४ वर आला, म्हणजे घसरण १४ टक्के. जुलैमध्ये वाढलेले शुल्क धरले तर ती १० ते ११ टक्केच उरते.

आपला भाव इथे खाली आलाच, फक्त अमेरिकेइतका नाही. "रुपया पडतो म्हणून भारतात सोने पडतच नाही" असे ऐकायला मिळते ते खरे नाही. घसरता रुपया गादीसारखा असतो: माणूस पडतो, पण मार कमी लागतो.

जपान, ब्रिटन किंवा दुबईत हेच होते का?

सूत्र तेच, चलन बदलते. त्याच २०२२ मध्ये येन डॉलरमागे सुमारे ११५ वरून १३१ वर गेला, त्यामुळे येनमध्ये सोने १४ टक्क्यांच्या आसपास महागले. पौंड १.३५ डॉलरवरून १.२१ डॉलरच्या आसपास आला, तेव्हा पौंडात सोने सुमारे १२ टक्के वर. पौंडाचा हिशेब करताना भागाकार करायचा असतो, कारण तो दर "एका पौंडाचे डॉलर" असा सांगतात. येन किंवा रुपयासारखा गुणाकार केला तर उत्तर भलतेच येईल.

दुबईची गोष्ट निराळी आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. तिथे डॉलर वधारला म्हणून दिरहम उतरत नाही, त्यामुळे दिरहममधला भाव डॉलरमधल्या भावाची नक्कल असतो. १,८१२ डॉलरला औंस असेल तर चोख सोन्याचा ग्रॅम सुमारे २१४ दिरहम. डॉलरच्या तेजीत आखातातल्या मराठी माणसाला सोने स्वस्त झालेले दिसते आणि त्याच आठवड्यात सांगलीतल्या बहिणीला ते पूर्वीइतकेच महाग वाटते, ते यामुळे. पगार दिरहममध्ये असणाऱ्याला ते खरोखरच स्वस्त मिळते. रुपये नेऊन तिथे खरेदी करणाऱ्याला मात्र विनिमय दराचा हा फायदा मिळत नाही. त्याचा फरक उरतो तो शुल्काचा आणि घडणावळीचा.

डॉलर इंडेक्स पाहून सोन्याच्या रुपयातल्या भावाचा अंदाज बांधता येतो का?

अर्धाच. `DXY` हा निर्देशांक सहा चलनांच्या तुलनेत डॉलर मोजतो: युरो, येन, पौंड, कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्वित्झर्लंडचा फ्रँक. एकट्या युरोचे वजन ५७.६ टक्के आहे. रुपया त्यात नाहीच. युआनही नाही, म्हणजे सोन्याची सर्वाधिक खरेदी करणारे दोन्ही देश या तराजूबाहेर.

या निर्देशांकावरून सोन्याच्या डॉलरमधल्या भावाचा कल थोडाफार समजतो. तुमच्या खिशाचा हिशेब करायला `USDINR`, म्हणजे डॉलरचा रुपयातला दर लागतो. दोघे बऱ्याचदा एकाच दिशेने जातात, पण नेहमी नाही. २०२५ मध्ये डॉलर इंडेक्स वर्षाच्या सुरुवातीच्या सुमारे १०८ वरून १०० च्या खाली आला, म्हणजे जगाच्या दृष्टीने डॉलर कमजोर झाला. त्याच वर्षी रुपया मात्र डॉलरमागे ८५-८६ वरून घसरत डिसेंबरमध्ये ९० च्या पलीकडे गेला, म्हणजे आपल्या दृष्टीने डॉलर मजबूत झाला. एकीकडे डॉलरमधल्या भावाला जोर, दुसरीकडे रुपयाची घसरण. भारतातल्या गिऱ्हाइकाला दोन्हीकडून मार बसला. म्हणून "डॉलर मजबूत" असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा: कोणापुढे?

डॉलर एक रुपयाने वाढला तर तोळ्यामागे किती फरक पडतो?

हे सोन्याचा भाव किती आहे त्यावर ठरते. औंसाचा डॉलरमधला भाव ३.११ ने भागा, की डॉलर एक रुपयाने महागल्यावर दहा ग्रॅममागे पडणारा फरक मिळतो. सोने २,००० डॉलर असेल तर सुमारे ६४३ रुपये. ४,००० डॉलर असेल तर सुमारे १,२८६. उलट बाजूने, औंस दहा डॉलरने हलला तर फरक किती? दहा गुणिले डॉलरचा दर, भागिले ३.११. डॉलर ८३ रुपये असेल तर सुमारे २६७ रुपये. दोन्ही आकडे शुल्काआधीचे आहेत.

इथे तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरला आहे, आजच्या दुकानांत बोलतात तसा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या हिशेबाशी तुमचा हिशेब जुळत नसेल तर आधी हे पाहा.

सूत्राने काढलेला भाव आणि बाजारातला भाव जुळत नाही. कुठे चुकले असेल?

फरक किती आहे त्यावरून चूक ओळखता येते. तुमचे उत्तर साधारण दहा टक्क्यांनी जास्त येत असेल तर ३१.१०३५ ऐवजी २८.३५ ने भागले आहे. फलकावरचा भाव साधारण आठ टक्क्यांनी कमी असेल तर तो २२ कॅरेटचा आहे; तुमचे उत्तर २४ कॅरेटचे होते, त्याला ०.९१६ ने गुणा. तीन टक्के फरक असेल तर एका आकड्यात जीएसटी आहे, दुसऱ्यात नाही. मुंबईच्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे रोजचे भाव आणि `MCX` या वायदे बाजारातले भाव जीएसटीविना असतात, पण आयात शुल्क त्यांत आलेले असते. त्यावर पुन्हा शुल्क चढवणे ही नेहमी होणारी चूक आहे.

एक-दीड टक्क्याचा फरक राहिला तर तो चूक असेलच असे नाही. रात्री न्यूयॉर्कमध्ये भाव हलतो आणि सराफाचा फलक दुसऱ्या दिवशी बदलतो, त्यामुळे दोन आकडे वेगळ्या वेळचे असू शकतात. शिवाय शुल्क त्या क्षणाच्या बाजारभावावर आकारले जात नाही. सरकार साधारण पंधरवड्याला सोन्याचे डॉलरमधले मूल्य जाहीर करते, आणि सीमाशुल्कासाठी विनिमय दरही वेगळा जाहीर होतो. शुल्क त्यावर लागते. आणि देशात माल कमी असेल तर व्यापारी वर प्रीमियम मागतात, उठाव नसेल तर डिस्काउंट देतात. २०१३ च्या अखेरीस आयातीवर कडक बंधने असताना हा प्रीमियम औंसामागे शंभर डॉलरच्या पुढे गेला होता. अशा वेळी कोणतेही सूत्र जुळत नाही.

रुपया घसरला की सरकार शुल्क का वाढवते?

भारत वापरतो ते जवळजवळ सगळे सोने बाहेरून येते आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. आयात जास्त झाली की डॉलरची मागणी वाढते आणि रुपयावर ताण येतो. आयात महाग केली की ती कमी होईल, हा शुल्कवाढीमागचा विचार. २०१३ मध्ये रुपया झपाट्याने घसरत असताना जानेवारी ते ऑगस्ट या काळात शुल्क ४ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेले होते. २०२२ ची वाढही रुपया घसरत असतानाच झाली. शुल्क फार वाढले की चोरटी आयात वाढते, म्हणून पुढे ते कमीही होते. गिऱ्हाइकासाठी याचा अर्थ असा, की घसरत्या रुपयाबरोबर शुल्काचा धक्काही येऊ शकतो आणि तो एका रात्रीत लागतो.

डॉलर वधारला की डॉलरमधले सोने पडलेच पाहिजे का?

नाही. २०२४ मध्ये डॉलर इंडेक्स १०१ वरून १०८ च्या वर गेला आणि तरी सोने डॉलरमध्ये पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढले. वर सांगितलेली दोन्ही कारणे गिऱ्हाईक भावाकडे आणि व्याजाकडे पाहते असे धरून चालतात. मध्यवर्ती बँका तशा पाहत नाहीत. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले. राखीव गंगाजळीतले डॉलर कमी करायचे म्हणून सोने घेणारा खरेदीदार डॉलर महागला म्हणून थांबत नाही.

रुपया वधारला तर सोने स्वस्त होईल?

त्या प्रमाणात दिलासा मिळेल, स्वस्त होईलच असे नाही. २०१७ मध्ये डॉलर सुमारे ६७.९० वरून ६३.९० रुपयांवर आला. त्याच वर्षी सोने डॉलरमध्ये सुमारे १३ टक्के चढले. रुपयात मात्र ते त्याच्या निम्मेच, सुमारे सव्वासहा टक्के वाढले.

गोल्ड ईटीएफ घेतला तर विनिमय दराचा परिणाम टळतो का?

टळत नाही. भारतातला गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता येणारा सोन्याचा फंड, इथल्या रुपयातल्या भावावर चालतो, म्हणजे डॉलरचा दर आणि शुल्क दोन्ही त्यात आलेच. सरकारी सुवर्ण रोख्यांचेही तेच. मुदतीअखेर मिळणारी रक्कम ९९९ शुद्धतेच्या सोन्याच्या रुपयातल्या भावावरून ठरते. जुलै २०२४ मध्ये शुल्क कमी झाल्यावर घरातले वळे, ईटीएफ आणि रोखे या सगळ्यांचे मोल एकाच दिवशी उतरले.

तीन महिन्यांनी लग्न आहे. डॉलर मजबूत होतोय म्हणतात. सोने पडेल म्हणून थांबावे का?

थांबण्याआधी दोन्ही शक्यता एकत्र गुणून पाहा. समजा डॉलरमधले सोने ३ टक्क्यांनी उतरले आणि त्याच कारणाने रुपयाही घसरून डॉलर ३ टक्क्यांनी महागला. ०.९७ गुणिले १.०३ म्हणजे ०.९९९१. एक लाखाच्या सोन्यावर वाचले नव्वद रुपये. डॉलरमधले सोने ६ टक्क्यांनी उतरले आणि डॉलर २ टक्क्यांनीच महागला, तर ०.९४ गुणिले १.०२ म्हणजे ०.९५८८, आणि लाखामागे सुमारे ४,१०० रुपये वाचतात. थांबून फायदा व्हायचा तर सोने रुपयापेक्षा जास्त पडायला हवे. नुसता डॉलर चढून भागत नाही. आणि घडणावळ बारा टक्के सांगणाऱ्या सराफाने ती दहावर आणली, तर लाखाच्या सोन्यावर दोन हजार वाचतात, त्यासाठी डॉलरकडे डोळे लावून बसावे लागत नाही.